दुखत नाही ना, मग उद्याच सकाळी दाखवा

पत्र

मॅडम नमस्कार. मी ३६ वर्षांची, बंगळुरूला नोकरी करते. वडील म्हणजे आप्पा ६८ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, आई गेल्यापासून कराडला एकटेच असतात. डायबेटिस १७ वर्षांचा, गोळ्या चालू आहेत. ते व्हॉट्सअॅपवर सुद्धा पत्रासारखंच लिहितात. परवाचं हे: "चि. ताईस अनेक आशीर्वाद. गॅस सिलिंडर आला. पेन्शनचा हयातीचा दाखला देऊन आलो. उजव्या पायाला अंगठ्याच्या मागे तळव्यावर कुरूप होतं ते ब्लेडने जरा साफ केलं होतं, तिथे जखम झाली आहे. मला कळलंही नव्हतं, फरशीवर ओले डाग दिसले म्हणून पाय उलटा करून पाहिला. फोटो पाठवतो, घाबरू नये. अजिबात दुखत नाही. हळद लावतो, रात्री गरम पाण्यात मीठ घालून पाय शेकतो. सकाळचं फिरणं चालू ठेवलं आहे नाहीतर शुगर वाढेल. २४ तारखेला लग्नाला पुण्याला जायचंच आहे तेव्हा तिथे स्किनच्या डॉक्टरांना दाखवतो. काळजी नसावी." फोटो बघून माझ्या पोटात गोळा आला. २४ ला अजून ११ दिवस आहेत. नात्यातल्या एका डॉक्टरांना फोटो पाठवला तर ते म्हणाले वरवरची वाटतेय, अँटिबायोटिक लिहून देतो. आप्पांनी त्यांचं ठरवलंय, मी मध्ये पडले की चिडतात, "मी अजून लहान मुलासारखा झालेलो नाही" म्हणतात. त्यांच्यावर सोडू, जबरदस्ती करू, की सुट्टी टाकून जाऊ?

उत्तर

तुझं पत्र वाचल्या वाचल्या मी तुला दोनच ओळी पाठवल्या होत्या, की २४ तारीख नाही तर उद्या सकाळी, आणि स्किनचे नाही तर सर्जन, आणि तोवर तो पाय शक्यतो जमिनीला टेकवायचा नाही. ती निकड सदर छापून यायची वाट बघू शकत नव्हती. आता बाकीचं सविस्तर लिहिते, कारण असे फोटो ज्यांच्या फोनवर येऊन पडलेत अशी मुलं-मुली खूप आहेत आणि सगळ्यांची गाडी एकाच जागी अडते, 'दुखत नाही म्हणतायत, मग थांबूया ना'.

मी सर्जन आहे, तालुक्याच्या गावी २६ वर्षं असे पाय बघतेय. आप्पांच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती फोटोची नाही, त्या एका वाक्याची, की फरशीवर डाग दिसले म्हणून कळलं. विचार कर, तळव्याची कातडी फाटलीय, आतून पाणी येतंय, त्या पायावर माणूस दिवसभर चालतोय, स्वयंपाक करतोय, बँकेत जाऊन येतोय, आणि ही बातमी त्याला पायाकडून मिळालीच नाही, फरशीकडून मिळाली. तुझा-माझा पाय असता तर चपलेत एक खडा गेला तरी आपण दोन पावलांत थांबलो असतो. आप्पांचा पाय थांबवत नाही, कारण बरीच वर्षं साखर जास्त राहिली की पायाच्या नसा हळूहळू मरतात, सगळ्यात लांबच्या आधी, म्हणजे बोटांपासून वरती. त्यामुळे दुखत नाही हे जखम लहान असल्याचं लक्षण नाहीये. दुखायला पाहिजे होतं आणि दुखत नाही, हाच आजार आहे. आणि उलट सांगते, असा बधिर पाय जर एखाद्या दिवशी ठणकायला लागला तर ते आणखी वाईट, त्याचा अर्थ बहुतेक वेळा आत खोल पू साठलाय असा असतो.

हे ज्ञान आपल्याकडच्याच मातीतलं आहे म्हणून थोडं सांगते. पॉल ब्रँड नावाचे सर्जन १९४६ मध्ये वेल्लोरला आले आणि तिथे कुष्ठरोग्यांचे हात-पाय बघायला लागले. तेव्हा सगळ्यांचा समज असा की कुष्ठरोगात बोटं रोगानेच झडतात. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की झडत नाहीत, वेदना कळत नाही म्हणून माणूस भाजलेल्या, कापलेल्या पायावर चालत राहतो आणि पाय वापरून वापरून संपतो. पुढे अमेरिकेत गेल्यावर त्यांनी तेच डायबेटिसच्या पायांना लावलं. आज कुठलाही डायबेटिक फूटवाला डॉक्टर पाय प्लास्टरमध्ये घालतो त्यामागे हाच विचार आहे, की जखम औषधाने भरण्याआधी तिच्यावरचा भार काढावा लागतो.

आता घरी करायची एक साधी तपासणी, ही तुम्ही सगळ्यांनी आपापल्या आईवडिलांची करा. त्यांना पलंगावर आडवं करायचं, मोजे काढायचे, डोळे मिटायला सांगायचे. आपल्या बोटाच्या टोकाने त्यांच्या पायाच्या बोटाला एक-दोन सेकंद नुसता हलका स्पर्श करायचा, दाबायचं नाही, टोचायचं नाही, गुदगुल्या नाहीत. दोन्ही पायांचे अंगठे, करंगळ्या आणि मधली बोटं, अशी सहा बोटं. कळलं की त्यांनी उजवा का डावा ते सांगायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर तो पाय बधिर धरायचा आणि डॉक्टरला दाखवायचा. न कळलेल्या बोटाला पुन्हा हात लावून 'आता कळलं का' असं करायचं नाही, माणूस अंदाजाने हो म्हणतो. आप्पांना मात्र आता या तपासणीची गरज नाही, फरशीने ती करून दिलीय.

मग ते कुरूप. आप्पा समजतात कुरूप होतं ते साफ केलं आणि ब्लेड जरा लागलं. मला वाटतं क्रम तसा नाहीये. अंगठ्याच्या मागे तळव्याचा जो उंचवटा असतो ना, तिथे प्रत्येक पावलाला सगळ्यात जास्त दाब येतो. नसा गेल्या की बोटं थोडी वाकडी होतात, घाम येणं बंद होतं, कातडी कोरडी पडते, आणि त्या दाबाच्या जागी घट्टा जमतो. घट्टा म्हणजे तुमच्या तळव्याखाली कायमचा चिकटलेला खडाच, त्याने आतल्या मांसाला आणखी दाब बसतो, आत रक्त साकळतं, पाणी होतं आणि वरून कातडी शाबूत दिसत असताना खाली खड्डा तयार झालेला असतो. आपल्याला वर दिसतं ते फक्त तोंड. ओपीडीत मी असा घट्टा ब्लेडने सोलते तेव्हा पंचवीस पैशाएवढं दिसणारं भोक खाली रुपयाएवढं निघतं, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता नातेवाईकांना आधीच सांगून ठेवते, नाहीतर त्यांना वाटतं बाईंनी जखम मोठी केली. म्हणून घरी ब्लेड, नेलकटर, मेडिकलमधल्या कुरुपाच्या पट्ट्या, यातलं काही डायबेटिसच्या पायाला लावायचं नाही. त्या पट्टीत ॲसिड असतं, ते कुरूप आणि चांगली कातडी यात फरक करत नाही.

तुमच्या नात्यातल्या डॉक्टरांना मी नावं ठेवणार नाही, कारण हीच चूक मी केलीय आणि ती मला अजून विसरता येत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या मामांनी कोकणातून असाच फोटो पाठवला होता, टाचेच्या बाजूला काळी खपली. मी दोन ऑपरेशनांच्या मध्ये फोन बघितला, खपली कोरडी दिसत होती, मी लिहिलं कोरडी आहे, साधं ड्रेसिंग करा, रविवारी येतेच आहे. रविवारी मी त्यांच्या घराचा दरवाजा उघडला आणि ओटीवरच मला वास आला. त्या वासाने मला खोलीत जायच्या आधीच सगळं कळलं. खपली फक्त झाकण होती, पू तळव्याच्या आतून पुढे बोटांपर्यंत गेला होता, दोन बोटं काढावी लागली. मामा मला कधीच काही बोलले नाहीत. फोटोत वास येत नाही, खोली कळत नाही, पाय गरम आहे का गार ते कळत नाही, नाडी लागत नाही, आणि आपल्या सावळ्या कातडीवरचा लालपणा तर मोबाईलच्या कॅमेऱ्यात अर्धा गायब होतो. तेव्हापासून मी फोटो बघून एकच निर्णय घेते, की आज बोलवायचं का आत्ता बोलवायचं. 'ठीक आहे' हे फोटोवरून म्हणत नाही.

पण फोटोचा उपयोग आहे, तो नीट काढला तर. आप्पांनी जो काढलाय तो संध्याकाळच्या ट्यूबलाईटमध्ये, एका हाताने, हळद लावलेली असताना काढलेला आहे, त्यात मलासुद्धा काही समजलं नाही, पिवळं ते हळद का पू हेही नाही. शेजाऱ्यांच्या मुलाला सांग, सकाळी खिडकीच्या उजेडात, जखम स्वच्छ पाण्याने धुऊन झाल्यावर, बाजूला मोजपट्टी ठेवून, तळवा सरळ समोर धरून एक फोटो. मग दोन्ही पाय शेजारी-शेजारी वरून एक, म्हणजे सूज कळते. मग बोटांच्या बेचक्यांचा एक. आणि फोनवर आप्पांना विचार की हाताची मागची बाजू दोन्ही पायांना लावून बघा, जखमेचा पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागतो का. गेल्या चार-पाच दिवसांची शुगर अचानक वर गेलीय का. डायबेटिसमध्ये पायात पू असूनही ताप येत नाही असं पुष्कळदा होतं, पण शुगर चढते, तीच चाहूल.

उद्या सकाळपर्यंत सुद्धा थांबायचं नाही अशा गोष्टी कोणत्या ते इथेच सांगून टाकते. जखमेच्या कडेपासून लाली किंवा कडकपणा दोन सेंटिमीटरच्या पुढे गेला, पायावर वरच्या दिशेने लाल रेघ दिसली, बोट काळं-निळं पडलं, दाबल्यावर आत कुरकुर लागली, घाण वास सुटला, थंडी वाजून ताप आला, माणूस गळून गेला किंवा असंबद्ध बोलायला लागला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी शेजाऱ्याला उठवायचं आणि मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जायचं. यातलं काहीच नसेल तरी ११ दिवस नाहीतच. इंग्लंडमधल्या सरकारी नियमावलीत डायबेटिसच्या पायाला जखम दिसली की एका कामाच्या दिवसात पायांच्या टीमकडे पाठवा असं लिहिलंय, आणि ते वरवर साध्या दिसणाऱ्या जखमेसाठी. आपल्याकडे तशी टीम गावोगाव नाही, पण दिवस तर तेवढेच मोजायला पाहिजेत.

आता फिरण्याचं. आप्पांचं हे वाक्य मला सगळ्यात जवळचं वाटलं, कारण सतरा वर्षं त्यांना आम्हीच सांगत आलोय की चाला, चाला, रोज चाला. ते शिस्तीचे आहेत म्हणून जखमेवरही चालतायत. पण हिशोब बघ, चार किलोमीटर फिरले तर साधारण साडेपाच हजार पावलं, म्हणजे त्या एका जखमेवर अडीच-पावणेतीन हजार वेळा सगळ्या अंगाचं वजन. भरायला लागलेलं नाजूक मांस रोज सकाळी तासाभरात चिरडलं जातं, रात्री कितीही चांगलं ड्रेसिंग केलं तरी. चालणं बंद केल्याने शुगर थोडी वाढेल हे खरंय, ती गोळ्या बदलून, लागलं तर काही आठवडे इन्सुलिन घेऊन आणता येते. चिरडलेलं मांस गोळीने परत येत नाही. व्यायाम करायचाच तर बसून हाताचा करा. आणि लक्षात घे, 'जास्त चालू नका' असं सांगून उपयोग नसतो, बाथरूमला जाताना, देवपूजेला, दूधवाल्याला दार उघडताना, अशी पावलं मोजली जातच नाहीत. उद्यापर्यंत तर खुर्चीवर बसून पाय स्टुलावर, आणि उठावंच लागलं तर टाचेवर भार देऊन, काठी घेऊन, घरातल्या घरात.

गरम पाण्याचं शेकणं आजच बंद. पाण्याचा गरमपणा आपण पायाने बघतो, आणि त्यांचा पाय तर सांगत नाही. शेकता शेकता पोळलेले तळवे मी दर हिवाळ्यात बघते. शिवाय पाय भिजवला की कातडी फुगते, कडा पांढऱ्या पडून सुटतात आणि जंतूंना वाट मिळते. हळदीबद्दल मला माहितीये लोक चिडतात, पण स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते आणि तिने रंग असा बदलतो की खाली काय चाललंय ते डॉक्टरला दिसत नाही. तीच गोष्ट कॉफीची पूड, चुना, पावडरींची. तोवर करायचं एवढंच, उकळून गार केलेल्या पाण्याने किंवा मेडिकलमध्ये मिळणाऱ्या सलाईनने धुवायचं, कोरड्या निर्जंतुक गॉजची घडी ठेवायची, वरून सैल बँडेज. चिकटपट्टी थेट कातडीला नको. आणि ते अँटिबायोटिक, तपासणी व्हायच्या आधी घरी सुरू करू नका. जखमेत जंतुसंसर्ग नसेल तर ते लागतच नाही, जखम त्याने भरत नाही, आणि संसर्ग असेल तर आधी आतल्या मांसाचा तुकडा कल्चरला, म्हणजे आत कुठले जंतू आहेत ते बघायला, पाठवावा लागतो, चार गोळ्या पोटात गेल्या की त्या रिपोर्टचा भरवसा कमी होतो. मात्र कॅज्युअल्टीत जायची वेळ आलीच तर तिथले डॉक्टर जे देतील ते लगेच घ्यायचं, तेव्हा हा विचार नाही.

डॉक्टर कोण. स्किनचे डॉक्टर चांगलेच असतात, पण ही कातडीची जखम नाही, नसा, रक्तवाहिन्या आणि हाडांची जखम आहे. डायबेटिक फूट बघणारा सर्जन मिळाला तर उत्तम, नाहीतर जनरल सर्जन, आणि ते कराडात आहेत, पुण्याला जायचं कारण नाही. तिथे काय व्हायला पाहिजे ते माझ्या एका पेशंटवरून सांगते, म्हणजे तुला प्रश्न विचारता येतील. रिटायर्ड पोस्टमास्तर, वय ७१, जखम अगदी याच जागी, आले तिसऱ्या दिवशी, ते सुद्धा बायकोने रिक्षात घालून आणले म्हणून. मी आधी दोन्ही चपला, दोन्ही मोजे काढायला लावले, कारण दुसऱ्या पायालाही बेचक्यात एक चीर निघाली जी त्यांना माहीतच नव्हती. मग दोन नाड्या बघितल्या, एक पावलाच्या वरती, एक घोट्याच्या आतल्या बाजूला मागे. दोन्ही चांगल्या लागल्या, म्हणजे रक्त पोचतंय. नसत्या लागल्या तर सगळा बेतच बदलला असता, आधी डॉपलर, म्हणजे पायात रक्त किती वाहतंय ते बघणारी सोनोग्राफी, आणि रक्तवाहिन्यांचे डॉक्टर. मग घट्टा सोलला, भोक दुप्पट झालं. मग बोथट टोकाची स्टीलची सळई निर्जंतुक करून अलगद आत घातली. हे ऐकायला भयंकर वाटतं, पण पाय बधिर, त्यांना काही कळलं नाही, ते माझ्याशी पेन्शनबद्दल बोलत होते. सळईला मऊ लागतंय का कडक टक लागतोय हे बघायचं असतं, टक लागला तर हाडापर्यंत गेलीय असा दाट संशय. त्यांची जवळपास एक सेंटिमीटर आत गेली, टक लागला नाही. एक्सरे काढला, तो चांगला आला, पण हाडातला संसर्ग एक्सरेत दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून तीन आठवड्यांनी पुन्हा काढला, पहिला चांगला म्हणून फाईल बंद केली नाही.

शुगर ३४० होती, ती इन्सुलिनने आणली. संसर्ग नव्हता, म्हणून अँटिबायोटिक दिलंच नाही, त्यांच्या मुलाला हे पटायला दोन दिवस लागले. आणि पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं, तळव्याला सगळीकडे सारखं बसणारं, म्हणजे एका जागचा भार पूर्ण पायावर वाटला जातो. दर आठवड्याला ते कापून जखम बघून पुन्हा नवीन घालायचं. काढता येणारा बूटही असतो, पण तो काढता येतो हीच त्याची अडचण, रात्री बाथरूमला जाताना कोण घालतं. रक्तपुरवठा कमी असेल किंवा आत पू असेल तर प्लास्टर घालत नाहीत, ते डॉक्टर ठरवतील. चौथ्या आठवड्यात जखम निम्मी झाली होती, नवव्या आठवड्यात बंद. चार आठवड्यांत निम्मी झाली नाही तर काहीतरी चुकतंय असं समजून पुन्हा पहिल्यापासून तपासायचं, नुसतं ड्रेसिंगचं मलम बदलत बसायचं नाही. ही गोष्ट इथे संपली नाही. प्लास्टर निघाल्यावर मास्तर आपल्या जुन्या अंगठ्याच्या चपलेवर गेले आणि पाच महिन्यांत तिथेच परत फुटलं. भरलेल्या अशा जखमांपैकी साधारण चाळीस टक्के वर्षभरात पुन्हा होतात, कारण कातडी भरते पण नसा परत येत नाहीत. आता ते मागे पट्टा असलेली, मऊ एमसीआर रबराची चप्पल घरात सुद्धा घालतात, आणि पंढरपूरला गेले तरी दर्शनाच्या रांगेत जाड मोजे काढत नाहीत.

म्हणून आप्पांच्या पिशवीत उद्या फाईल, चालू गोळ्यांच्या पट्ट्या, गेल्या महिन्याभराच्या शुगरच्या नोंदी आणि रोजच्या वापरातली चप्पल जाऊ दे, चपलेच्या आत हात फिरवून बघितलं तर कधी कधी खिळ्याचं टोक तिथेच सापडतं. आधार आणि रेशनकार्ड पण असू दे, अॅडमिट करायची वेळ आली तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी विचारता येतं. नाश्ता करून, गोळ्या वेळेवर घेऊनच जायचं, टेस्ट असतील म्हणून उपाशी नको.

राहिला तुझा खरा प्रश्न, आप्पांना सांगायचं कसं. तू लिहिलंयस त्यांनी ठरवलंय आणि तू पडलीस तर चिडतील. मी त्यांचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. सिलिंडर, हयातीचा दाखला, आणि मग जखम, जणू तीन कामांपैकी एक. पण सिलिंडरचा फोटो त्यांनी पाठवला नाही ना. ज्या माणसाला एकट्यानेच निभवायचं असतं तो २४ ला पुण्याला दाखवून आल्यावर सांगतो, नाहीतर सांगतच नाही. त्यांनी स्वतः पाय उलटा करून, एका हाताने फोन धरून तुला फोटो पाठवलाय, आणि वर 'घाबरू नये' लिहिलंय. मला त्यात घाबरलेला माणूस दिसतो, ज्याला मुलीने विचारावं असं वाटतंय पण मागता येत नाही. तेव्हा तू त्यांचं ठरलेलं मोडतेयस असं मनातून काढून टाक. त्यांनी दार उघडलंय. डॉक्टरला दाखवायचं हे त्यांनीच ठरवलंय, तू फक्त तारीख आणि डॉक्टर बदलतेयस.

आणि त्यांना वैद्यकीय भाषेत समजवायला जाऊ नकोस, त्यांच्या भाषेत विचार. पाटबंधाऱ्यात आयुष्य गेलंय त्यांचं. विचार की आप्पा, मातीच्या धरणाच्या पायथ्याशी ओल दिसली, पाणी गढूळ येतंय, तर तुम्ही ओलीचा डाग केवढा आहे ते बघत बसायचात का? आणि पुढच्या आठवड्यात पुण्याला जायचंच आहे, तेव्हा साहेबांना सांगू, असं केलं असतंत का? ते तुला स्वतःच सांगतील की वर डाग हाताएवढा असला तरी आतून माती वाहून चाललेली असते. मग म्हण, तळव्याचं अगदी तेच आहे. यावर ते गप्प बसतील थोडा वेळ, बसू दे, तू लगेच भरून काढू नकोस. नंतर एवढंच सांग की फोटो पाठवलात ते फार बरं केलंत, सकाळी अमुक काका नऊ वाजता गाडी घेऊन येतायत. वेळ आणि माणूस ठरवूनच फोन कर. 'तुम्ही दाखवून या बरं का' असं म्हटलंस तर सकाळी भाजी आणायची असते, बँकेत जायचं असतं. त्यांना एक कामही दे, मोजपट्टी घेऊन जखमेची लांबी-रुंदी, तारीख आणि शुगर एका वहीत रोज लिहायची. मोजमाप पुस्तक त्यांनी आयुष्यभर भरलंय, आणि ती वही डॉक्टरला कुठल्याही फोटोपेक्षा उपयोगी पडेल.

सुट्टीचं म्हणशील तर उद्याच्यासाठी तू पोचायची वाट बघू नका, तू येईपर्यंत थांबू म्हणून दोन दिवस जातात आणि मी ते दोन दिवस महाग पडलेले पाहिलेत. उद्या शेजारी नाहीतर चुलतभाऊ चालेल, डॉक्टरांशी तू फोनवर बोल. तुझी खरी गरज त्यानंतर आहे. गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलेला एकटा माणूस अंघोळ कशी करणार, ओट्यापाशी उभं राहून स्वयंपाक कोण करणार, जिना आहे का, कमोड आहे का भारतीय संडास आहे. कमोडची खुर्ची, बाथरूममध्ये स्टूल आणि धरायला दांडी, डब्याची सोय, दर आठवड्याला प्लास्टर बदलायला नेणारा माणूस, हे सगळं लावून द्यायला तुला चार-पाच दिवस लागतील, तेव्हा सुट्टी तिकडे वापर. आणि लग्न. त्यांना वाईट वाटेल, वाटू दे, पण २४ ला कराड-पुणे चार तास पाय खाली सोडून बसणं आणि मांडवात दिवसभर उभं राहणं नको. नवरा-नवरीला म्हणावं नंतर आशीर्वाद घ्यायला घरी या, पाया पडायला तिथे खुर्चीत बसलेले आप्पा सापडतील.

उद्या दाखवून झालं की मला तीन गोष्टी लिहून पाठव: पायाच्या दोन्ही नाड्या लागल्या का, सळई हाडाला टेकली का, आणि डॉक्टरांनी जखमेवरचा भार कशाने काढलाय. तिसऱ्याचं उत्तर नुसतं 'ड्रेसिंग दिलंय' असं आलं तर त्याच संध्याकाळी मला फोन कर.